सत्ता बदलली की इमारतींचं काय होतं? ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याचा किल्ला, बेलापूरचा मोडका बुरूज, चौकातले पुतळे आणि जुन्या वाड्यांवर लागणाऱ्या नोटिसा यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एकच मुद्दा दोनदा आला असता, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्मारक आणि नुसती जुनी इमारत, यात फरक काय?

स्मारक आठवण ठेवण्यासाठीच उभारलेलं असतं. पुतळा, हुतात्मा स्तंभ, विजयस्तंभ यांना दुसरं काम नसतं. जुनी इमारत कोठार, कचेरी, तुरुंग, राहतं घर अशा कुठल्यातरी कामासाठी बांधलेली असते, आणि तिथे काही घडलं किंवा कुणी राज्य केलं म्हणून तिला पुढे अर्थ चिकटतो. पुढच्या सगळ्या उत्तरांना हा फरक लागणार आहे. काम असलेली इमारत नव्या सत्तेला वापरता येते. नुसता अर्थ असलेली वस्तू तिला स्वीकारावी तरी लागते, नाहीतर हलवावी तरी लागते.

२. काय पाडायचं आणि काय ठेवायचं, हे नवी सत्ता ठरवते कसं?

जाहीर भाषणात कारण अस्मितेचं असतं. जुनी कागदपत्रं आणि खर्चाचे हिशेब पाहिले की क्रम निराळा दिसतो. पहिला विचार असतो की ही वास्तू शत्रूच्या हाती गेली तर त्रास देईल का. दुसरा, आपल्या काही कामाची आहे का. तिसरा, पाडायला जास्त खर्च की सांभाळायला. प्रतीक म्हणून ती नकोशी आहे का, हा विचार बहुतेक वेळा यानंतर येतो. जिथे तो पहिल्यांदा येतो, तिथे पाडापाडीला बजेट आणि तारीख आधी ठरते आणि तांत्रिक कारण मागाहून जोडलं जातं. बर्लिनमध्ये हे दोन वेळा घडलं, ते प्रश्न ८ मध्ये आहे.

३. ठाण्याचा किल्ला इतक्या राजवटी बघूनही टिकला कसा?

कारण प्रत्येक राजवटीला त्याच्या भिंती कशासाठी तरी हव्या होत्या. आज आपण ज्याला ठाणे मध्यवर्ती कारागृह म्हणतो, तोच हा किल्ला.

पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला १७३० च्या दशकात, म्हणजे साष्टीवर मराठ्यांचा दाब वाढल्यावर. तो पुरा होण्याआधीच १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणं मराठ्यांकडे आलं. अर्धवट बांधलेला शत्रूचा किल्ला पाडून टाकणं सोपं होतं. पण खाडीच्या काठावरची ती जागा साष्टीचं दार होती, आणि वसई अजून पोर्तुगीजांकडेच होती. त्यामुळे मराठ्यांनी तो पुरा करून आपल्याकडे ठेवला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी हल्ला करून तो घेतला. त्यांनीही ठेवला, कारण आता तोच दरवाजा त्यांना मराठ्यांविरुद्ध लावून घ्यायचा होता.

खरी परीक्षा १८१८ नंतर झाली. पेशवाई संपली, आणि समोर शत्रूच उरला नाही. लष्करी उपयोग संपलेला किल्ला सांभाळायचा कशाला, हा प्रश्न कंपनीपुढे शेकडो किल्ल्यांच्या बाबतीत उभा होता आणि बहुतेक ठिकाणी उत्तर सुरुंगाने दिलं गेलं. ठाणं वाचलं, कारण ते जिल्ह्याचं ठिकाण होतं. कचेरी आणि कोर्टाजवळ कैदी ठेवायला पक्की जागा हवीच होती. उंच भिंती, एक मुख्य दरवाजा, आत मोकळं आवार, म्हणजे तुरुंगाला जे लागतं ते सगळं तयार होतं. फक्त भिंतींचं काम उलटलं. आधी बाहेरच्यांना आत येऊ द्यायचं नव्हतं, आता आतल्यांना बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं.

या वापराची चुणूक आधीच दिसली होती. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून बाजीराव दुसऱ्याचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी इथेच ठेवलं होतं. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमले. ते १८१६ च्या सप्टेंबरात निसटले. परंपरेने सांगितली जाणारी हकीकत अशी की एक मोतद्दार खिडकीखाली घोडा खरारा करत मराठीत गाणं म्हणायचा आणि पळण्याचा बेत त्या गाण्यातून आत पोचायचा. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं. हकीकतीचा तपशील कितपत खरा मानायचा ते आपापलं. पळून गेले, हे मात्र खरं.

पुढे याच भिंतींनी इंग्रजांच्या विरुद्ध अर्थ धारण केला. राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये इथे फाशी झाली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाच्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फासावर दिलं. स्वातंत्र्यानंतर ही जागा वंदनीय झाली, तरी काम तुरुंगाचंच राहिलं. पोर्तुगीज, मराठे, कंपनी, ब्रिटिश सरकार आणि स्वतंत्र भारत अशा पाच धन्यांपैकी एकालाही तो पाडणं परवडणारं नव्हतं. हा किल्ला कुणाच्या प्रेमामुळे टिकलेला नाही.

४. मग बेलापूरचा किल्ला का मोडला? तोही खाडीवरच होता की.

खाडीवर होता, आणि तेच नडलं. बेलापूरचा किल्ला सिद्दी, पोर्तुगीज आणि मराठे अशा हातांतून जात १८१७ मध्ये कंपनीकडे आला. पनवेलच्या खाडीच्या मुखावर नजर ठेवणारा हा मोक्याचा बिंदू होता. पण तोवर मुंबई बेट आणि ठाणं दोन्ही कंपनीकडे होती. बेलापूरला शिबंदी ठेवायची तर पगार, दाणागोटा, दारूगोळा आला, आणि न ठेवता किल्ला तसाच सोडला तर कुणीही आत बसण्याची भीती. जिल्ह्याचं ठिकाण नसल्याने कचेरी किंवा तुरुंग म्हणूनही तो कामाचा नव्हता. प्रश्न २ मधला क्रम लावून बघितला तर उत्तर आपोआप निघतं. धोका होता, उपयोग नव्हता, सांभाळायला खर्च होता. तटबंदी मोडली.

पुढे दीडशे वर्षं त्या टेकाडाकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि आजूबाजूची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली, तेव्हा उरलेला बुरूज आणि पडके तट नियोजनाच्या नकाशात आले. गंमत अशी, की नव्या शहराला स्वतःचा इतिहास हवासा वाटायला लागला तेव्हाच त्या मोडक्या बुरुजाला किंमत आली. कंपनीच्या लेखी जो अवशेष कवडीमोलाचा होता, तोच आता नवी मुंबईच्या मोजक्या जुन्या खुणांपैकी एक आहे.

५. इंग्रजांनी किल्ले ‘पाडले’ म्हणजे नेमकं काय केलं? भिंती तर बऱ्याच ठिकाणी उभ्या दिसतात.

अख्खा किल्ला पाडणं फार महाग. डोंगरी किल्ल्यावर तर वेडेपणाच. म्हणून निकामी करण्यावर भर होता, आणि त्यासाठी तीनच गोष्टी पुरायच्या. वर जाणारी वाट तोडायची, म्हणजे कातळात कोरलेल्या पायऱ्या सुरुंगाने उडवायच्या. दरवाजा पाडायचा. पाण्याची टाकी फोडायची किंवा बुजवायची. पाणी आणि वाट नसेल तर तट कितीही भक्कम असला तरी वर शिबंदी राहू शकत नाही. नाशिक-नगरच्या सीमेवरच्या अलंग आणि मदनवर आजही दोर लागतो तो याच कामामुळे.

मोडतोड मुद्दाम केलेली की काळाने झालेली, हे जागेवर बऱ्यापैकी ओळखता येतं. नुसत्या दुर्लक्षाने पडणाऱ्या तटात वरची चर्या आधी ढासळते, झाडांची मुळं शिरलेल्या ठिकाणी भगदाड पडतं आणि दगड बुंध्याशी ढिगाने सापडतात. मुद्दाम मोडलेल्या ठिकाणी याच्या उलट दिसतं. बाजूचे बुरूज ठीक असतात आणि नेमकी दरवाजाची कमान गायब असते, किंवा पायऱ्यांची रांग मध्येच तुटून पुढे पुन्हा सुरू होते. तिसरा प्रकार आपल्या भागात सर्वात जास्त आहे. दगड पडलेलेही नाहीत आणि उभेही नाहीत, गावातल्या जोत्यांत आणि बांधांत गेलेले आहेत. त्याचं पाप मात्र कंपनीच्या माथी मारू नये.

६. मराठ्यांनी पोर्तुगीजांची चर्चेस पाडली का? आणि त्याआधी पोर्तुगीजांनी देवळं?

पोर्तुगीजांनी साष्टी-वसई भागात देवळं पाडली, ही नोंद पक्की आहे. ठाण्याचं कौपिनेश्वराचं देऊळ आज ज्या रूपात आहे त्याची उभारणी मराठी अमलातली. १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी ती केली. नव्या सत्तेने आधीच्या सत्तेचं मोडलेलं पुन्हा उभारणं, हीसुद्धा राजकीय घोषणाच असते.

चर्चेसच्या बाबतीत चित्र सरळ नाही. १७३९ च्या वसईच्या शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी काही चर्चेस राखण्याची तरतूद होती. वसई किल्ल्यातली अनेक चर्चेस त्यानंतर ओस पडली ती माणसं आणि निधी निघून गेल्यामुळे. ठाण्यात मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च मात्र अजून वापरात आहे. कारण तिथे रविवारी येणारी माणसं राहिली.

मराठ्यांनी खरी निवड केली ती घंटांची. मोहिमेत हाती लागलेल्या घंटा वितळवून तोफा ओतता आल्या असत्या. अनेक घंटा तशाच देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा १७२१ सालची आहे. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हे साल आणि क्रूस आहे. पुढच्या वेळी गेलात तर खांबाच्या बाजूने वाकून बघा, भक्तांच्या हाताने गुळगुळीत झालेल्या धातूवर तो स्पष्ट दिसतो. कुणी तो घासून काढला नाही. विजयचिन्ह म्हणून क्रूस असणंच महत्त्वाचं होतं.

७. सत्तांतर झालं की पुतळ्यांवर आधी का येते?

प्रश्न १ मधल्या फरकामुळे. पुतळ्याला दुसरं काम नसतं आणि हलवायला एक क्रेन, एक रात्र पुरते. मुंबईत इंग्रज राजे-अधिकाऱ्यांचे पुतळे १९६५ मध्ये चौकांतून काढून भायखळ्याला हलवले गेले. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळाही गेला, पण ‘काळा घोडा’ हे नाव चौकाला चिकटून राहिलं. लोकांना राजाशी कधी देणंघेणं नव्हतंच, घोड्याशी होतं. २०१७ मध्ये तिथे स्वाराविना घोडा बसवला, तो याच कारणाने.

दिल्लीत इंडिया गेटच्या छत्रीखालचा पाचव्या जॉर्जचा पुतळा १९६८ मध्ये काढला आणि छत्री रिकामी ठेवली. चौपन्न वर्षं ती रिकामी होती. २०२२ च्या सप्टेंबरात तिथे नेताजींचा ग्रॅनाइटचा पुतळा आला. रिकामा चौथरा फार काळ रिकामा राहिला तर तोच एक विधान होतो, आणि मग प्रत्येक सरकारला तो भरावासा वाटतो. पुतळा काढताना पुढे चौथऱ्याचं काय करणार हे त्याच आदेशात लिहिलं नसेल, तर पुढचा वाद तिथूनच सुरू होतो.

८. बर्लिनच्या राजवाड्याचं उदाहरण नेहमी दिलं जातं. नेमकं काय झालं तिथे?

एकाच जागेवर एका शतकाच्या आत दोन वास्तू पाडल्या गेल्या आणि तिसरी पहिल्यासारखी दिसणारी बांधली गेली. म्हणून हे उदाहरण अभ्यासाला चांगलं.

पहिली वास्तू प्रशियाच्या राजांचा वाडा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून तो जळाला, पण भिंती उभ्या होत्या आणि काही दालनांत युद्धानंतर प्रदर्शनंसुद्धा भरली. पूर्व जर्मनीच्या सरकारने १९५० मध्ये तो सुरुंग लावून उडवला. सप्टेंबर ते डिसेंबर, चार महिने स्फोट चालू होते. सांगितलेलं कारण दुरुस्तीचा खर्च. प्रत्यक्षात तिथे मोर्चे आणि संचलनासाठी प्रचंड मोकळं मैदान हवं होतं. या पाडकामात एक अपवाद केला. १९१८ मध्ये कार्ल लीब्कनेष्टने ज्या सज्जातून समाजवादी प्रजासत्ताकाची घोषणा केली असं मानलं जातं, तो दरवाजाचा भाग जपला आणि पुढे सरकारी इमारतीच्या दर्शनी भागात बसवला. राजाचा वाडा नको, पण त्यातला आपल्या उपयोगाचा तुकडा हवा.

दुसरी वास्तू त्याच मैदानाच्या काठावर १९७३ ते १९७६ मध्ये उभी राहिलेली प्रजासत्ताक भवनाची इमारत. तिथे संसद बसायची, आणि त्याच छताखाली सभागृह, उपाहारगृहं आणि चक्क बोलिंगची जागाही होती. पूर्व बर्लिनच्या कितीतरी लोकांची लग्नाची मेजवानी तिथे झाली. १९९० मध्ये ॲस्बेस्टॉस सापडल्यामुळे ती बंद झाली. लोखंडी सांगाड्यावर आगीपासून बचावासाठी फवारलेलं सुमारे पाच हजार टन ॲस्बेस्टॉस काढायला १९९८ ते २००३ अशी पाच वर्षं लागली.

आता इथे थांबून बघा. धोका काढून झाल्यावर सांगाडा स्वच्छ होता आणि पुन्हा वापरता आला असता. तरी २००६ ते २००८ मध्ये तो पाडला. कारण काम संपण्याआधीच, जुलै २००२ मध्ये, जर्मन संसदेने जुन्या राजवाड्याच्या दर्शनी भिंती पुन्हा उभारायच्या बाजूने मतदान केलं होतं. बंद करण्याचं कारण तांत्रिक आणि खरं होतं. पाडण्याचं कारण राजकीय होतं. दोन्ही एकाच वाक्यात सांगितली गेली, त्यामुळे लोकांना ‘ॲस्बेस्टॉसमुळे पाडली’ एवढंच आठवतं. तिसरी वास्तू, हुम्बोल्ट फोरम, २०२०-२१ मध्ये उघडली. बाहेरून तीन बाजूंनी राजवाडा, आत आधुनिक संग्रहालय.

९. ‘इमारत धोकादायक आहे’ हे कारण खरं की बहाणा, कसं ओळखायचं?

बहुतेक वेळा ते खरंच असतं, हे आधी सांगतो. ठाण्यात दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी येते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बी न रिकामी करता दुरुस्त होणारी. सी-३ किरकोळ दुरुस्तीची. सी-१ ची नोटीस आली तर वारशाचा वाद घालत आत बसू नका. बाहेर पडून वाद घाला.

वाद घालायचा तो अहवालावर. तीस वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका अधिनियमानुसार बंधनकारक आहे, आणि त्याचा नेहमीचा साचा आरसीसी इमारतींसाठी बनलेला आहे. शंभर वर्षांच्या चुना-दगडाच्या वाड्याला तोच साचा लावला की निष्कर्ष हमखास वाईट येतो. रिबाउंड हॅमर, म्हणजे ठोकून कठीणपणा मोजणारं उपकरण, त्याचा आकडा काँक्रीटच्या पृष्ठभागासाठी असतो, दगडी भिंतीवर त्याचा अर्थ लागत नाही. कार्बोनेशनची चाचणी सळईला गंज चढायचा धोका सांगते. चुना तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषूनच घट्ट होतो, त्याला कार्बोनेशन हा दोष लावणं हास्यास्पद आहे. सळई नसलेल्या इमारतीच्या अहवालात सळईचा गंज तपासणाऱ्या हाफ-सेल चाचणीचं कोष्टक दिसलं, तर अहवाल जागेवर न जाता भरला आहे असं समजायला हरकत नाही.

चुन्याच्या इमारतीत बघायचं वेगळं असतं. भेगांवर प्लास्टर किंवा काचेच्या छोट्या पट्ट्या चिकटवून तारीख टाकतात. पट्टी तडकली तर भेग चालू आहे, नाही तडकली तर जुनी आणि थांबलेली. निदान एक पावसाळा अख्खा बघावा लागतो. भेगेच्या आत जुना रंग किंवा धूळ असेल तर तीही जुनीच. लाकडी तुळयांची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे आधी कुजतात, म्हणून मधोमध बघून उपयोग नाही, टोकाशी दाभण खुपसून बघावी लागते. आणि कुठे सिमेंटचा गिलावा केला आहे, याची नोंद हवीच. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की भिंतीतला ओलावा बाहेर पडत नाही, आतला चुना भुसभुशीत होतो, आणि पंधरा-वीस वर्षांनी भिंत खरोखरच धोकादायक होते. ‘दुरुस्ती’नेच मारलेल्या वाड्यांची संख्या कमी नाही.

बहाण्याचा वास येतो तो वेळापत्रकावरून. अहवालाची तारीख नव्या प्रकल्पाच्या ठरावानंतरची असेल, शेजारची त्याच वयाची इमारत यादीत नसेल, किंवा दुरुस्तीचा अंदाजखर्च कुठेच दिलेला नसेल, तर दुसऱ्या अभियंत्याचं मत घ्या. त्याने चुना-दगडाच्या इमारती हाताळलेल्या हव्यात.

१०. आमच्या भागातली वास्तू संरक्षित आहे की नाही, कुठे कळेल?

तीन स्तर आहेत आणि तिन्ही स्वतंत्रपणे तपासावे लागतात. पहिला केंद्राचा, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, १९५८ चा कायदा. अंबरनाथचं शिवमंदिर या यादीत आहे. अशा वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटर नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीने. दुसरा राज्याचा, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, १९६० चा कायदा. तिसरा महापालिकेची वारसा यादी. ती नगररचनेच्या नियमांतून येते आणि तिचं संरक्षण सर्वात पातळ असतं.

जागेवर निळा फलक नाही म्हणजे संरक्षण नाही असं नाही, आणि फलक आहे म्हणजे आजही आहे असंही नाही. राजपत्रातली अधिसूचना हाच पुरावा. ती मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर. ‘संरक्षण का दिलं नाही’ असं विचारू नका, ‘का’चं उत्तर टाळलं जातं. अधिसूचनेची प्रत, हद्दीचा नकाशा आणि शेवटच्या पाहणीचा अहवाल मागा. कागद मागितला की कागद तरी मिळतो, नाहीतर तो नाही असं लेखी मिळतं. दुसरंही कामाचं असतं.

११. एकदा संरक्षित झाली की कायमची सुरक्षित ना?

नाही. १९५८ च्या कायद्याच्या कलम ३५ नुसार एखादी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची राहिली नाही असं केंद्र सरकार जाहीर करू शकतं. २०२४ च्या मार्चमध्ये अशा १८ वास्तू वगळण्याची अधिसूचना निघाली. त्यांत हरियाणातला एक कोसमिनार आणि झाशीतली एका इंग्रज तोफखान्यातल्या माणसाची कबर होती. या याद्या मुळात इंग्रजी अमलात तयार झाल्या, त्यामुळे कुणाची कबर राष्ट्रीय महत्त्वाची हे ठरवलं कुणी होतं, हा प्रश्न रास्त आहे. वगळलेल्यांपैकी बऱ्याच वास्तू आता सापडतच नाहीत, ही त्याची दुसरी बाजू. म्हणजे यादीवर असूनही त्या गेल्याच होत्या.

संरक्षण देताना मात्र लोकांना बोलायची संधी असते. प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतींसाठी दोन महिने मिळतात.

१२. धार्मिक वास्तूंना वेगळा नियम आहे का?

आहे. १९९१ च्या कायद्याने प्रार्थनास्थळांचं स्वरूप १५ ऑगस्ट १९४७ रोजी होतं तसंच ठेवायचं बंधन घातलं. अयोध्येचा वाद त्यातून वगळला होता. १९५८ च्या कायद्याखालच्या प्राचीन वास्तूही त्यातून वगळल्या आहेत, हे अनेकांना माहीत नसतं.

१३. चौकात नवा पुतळा बसवायला काय लागतं?

सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जानेवारी २०१३ च्या आदेशामुळे सार्वजनिक रस्ता, पदपथ, दुभाजक अशा वापराच्या जागांवर नव्या पुतळ्याला परवानगी देता येत नाही. इतर जागेसाठी स्थानिक संस्थेचा ठराव, जिल्हाधिकाऱ्यांकडची प्रक्रिया आणि कला संचालनालयाची मातीच्या नमुन्याला मान्यता लागते. नमुन्याची मान्यता चेहरा आणि प्रमाण यांची असते, सांगाड्याच्या ताकदीची नसते, आणि नेमकी इथेच गफलत होते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहून ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. खाऱ्या वाऱ्याच्या जागी आतल्या लोखंडाचं आणि जोडांचं स्वतंत्र गणित मागितल्याशिवाय कुठल्याही समितीने सही करू नये. ठाण्याची खाडीही खारीच आहे.

१४. सरकारने जाता जाता घेतलेला नामकरणाचा निर्णय टिकतो का?

नवी मुंबई विमानतळाचं उदाहरण घ्या. आधी बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचा प्रस्ताव होता, आणि प्रकल्पग्रस्तांनी दि. बा. पाटील यांच्या नावासाठी मोठी आंदोलनं केली. २९ जून २०२२ रोजी उद्धव ठाकरे सरकारने शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत दि. बा. पाटील हे नाव मान्य केलं. तोवर राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगितलेलं होतं, म्हणून तो निर्णय वैध नाही असं म्हणत नव्या शिंदे सरकारने १६ जुलैला तोच निर्णय ‘लोकनेते’ हा शब्द जोडून पुन्हा घेतला. नाव तेच राहिलं, फक्त श्रेयाचा कागद बदलला. इमारतीच्या बाबतीत असं पुन्हा करता येत नाही. पाडण्याचा आदेश चुकीच्या दिवशी निघाला हे नंतर सिद्ध झालं तरी भिंत परत येत नाही. म्हणून पाडकामाविरुद्ध न्यायालयात आधी स्थगिती मागतात, बाकीचे मुद्दे नंतर.

१५. ठाण्याच्या तुरुंगात हुतात्म्यांचं स्मारक आहे. मग कारागृह हलवून अख्खा किल्ला लोकांना का खुला करत नाहीत?

ही मागणी सर्वात जास्त येते, आणि उत्तर सर्वात अवघड आहे. ज्या वापराने किल्ला वाचवला (प्रश्न ३) तोच वापर त्याला बंद ठेवतो. तुरुंग आहे तोवर आत मोकळा वावर नाही, उत्खनन नाही, तटाची तपशीलवार मोजणी अवघड. आणि तुरुंगाच्या गरजेने आत जे बांधकाम आणि दुरुस्ती होते, ती वारशाचा विचार करून होईलच असं नाही. बाहेरून बघायचं तर रस्त्यावरून तट दिसतो, पण कारागृहाचे फोटो काढत किंवा ड्रोन उडवत बसू नका, अडचणीत याल.

पण तुरुंग हलला की दुसरा धोका लगेच सुरू होतो. चोवीस तास पहारा असलेली, दरवर्षी दुरुस्तीचं बजेट असलेली जागा एका दिवसात बेवारस होते. आणि ती असते शहराच्या मध्यावर, स्टेशनपासून जवळ, जिथे मोकळ्या जमिनीकडे सगळ्यांचंच लक्ष असतं. म्हणून मागणीचा क्रम महत्त्वाचा. आधी कैदी असतानाच राज्य संरक्षित स्मारकाची प्राथमिक अधिसूचना काढून घ्यावी. मग कारागृह विभागाच्या परवानगीने तट, बुरूज आणि फाशीच्या जागेसह आतल्या जुन्या बांधकामांची मोजणी आणि नकाशे व्हावेत. देखभालीचा खर्च कोणत्या विभागाच्या लेखाशीर्षात जाणार हे लेखी ठरावं. स्थलांतराचा ठराव यानंतर. उलट क्रमाने गेलं, आणि रिकाम्या तटावर दोन पावसाळे गेले, तर प्रश्न ९ मधला अहवाल यायला वेळ लागणार नाही.